पॅकिंग बदललं, पोस्ट लिहायची आहे. ‘१००% इको-फ्रेंडली’ लिहिलं तर चालेल का?

पंचवटी_फराळ

नमस्कार मंडळी. आमचा पोह्यांच्या चिवड्याचा छोटा ब्रँड आहे, नाशिकमध्ये दुकानांतून आणि बाहेरगावी कुरिअरने जातो. २०० ग्रॅमचं पाकीट आधी पारदर्शक प्लास्टिकचं होतं, आता तपकिरी क्राफ्ट कागदाचा, उभा राहणारा, झिपरवाला पाऊच घेतला आहे. इन्स्टाग्रामसाठी मजकूर असा लिहून ठेवला आहे:

“प्लास्टिकला रामराम! आता आमचा चिवडा १००% इको-फ्रेंडली, बायोडिग्रेडेबल कागदी पाकिटात. झिरो वेस्ट, पृथ्वीसाठी आमचं एक पाऊल.”

अजून टाकलेली नाही. सप्लायर म्हणतो बिनधास्त टाका, सगळे टाकतात. पण यातलं नेमकं काय सिद्ध करता येईल आणि काय नाही, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

गंगापूर_रोडकर

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, कागदी पिशवीला महापालिका दंड करत नाही. निर्धास्त राहा.

पंचवटी_फराळ

दादा, प्रश्न दंडाचा नाही. पाकीट वापरायला परवानगी आहेच. त्याबद्दल आम्ही जे लिहिणार आहोत ते खरं आहे का, एवढंच विचारतोय.

सातपूर_पॅकर

पोस्ट थांबवलीत ते उत्तम केलंत. सप्लायरला एकच गोष्ट विचारा: पाऊचचं स्ट्रक्चर काय आहे? प्रत्येक थर कशाचा आणि किती जाडीचा, हे कोटेशनवर किंवा स्पेसिफिकेशन शीटवर लेखी मागा. तेलकट चिवडा नुसत्या कागदात राहत नाही. तेल बाहेर झिरपतं, हवेतला दमटपणा आत जाऊन पोहे मऊ पडतात, आणि ऑक्सिजनमुळे शेंगदाणे-खोबऱ्याला खवट वास येतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक क्राफ्ट पाऊचमध्ये कागदाच्या आत मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ मुलामा दिलेलं, पॉलिएस्टर आणि त्याच्या आत पॉली, म्हणजे पॉलिथिन असते. पॉली नसेल तर तोंड सीलच होणार नाही.

पाऊचचा कोपरा हळू फाडून बघा. कागद तुटल्यावर आत चंदेरी फिल्म ताणली जाताना दिसली की समजा ते लॅमिनेट आहे.

पंचवटी_फराळ

हो, चंदेरी फिल्म आहे. सप्लायरने व्हॉट्सॲपवर कळवलं: क्राफ्ट ६० जीएसएम, मेटलाइज्ड पॉलिएस्टर १२ मायक्रॉन, पॉली ५० मायक्रॉन. पाऊच २० बाय २८ सेंटिमीटर, तळाला ५ अधिक ५ ची घडी. जुनं पाकीट उशीसारखं सपाट होतं, २० बाय २८ चंच, पॉलिएस्टर १२ आणि पॉली ५०.

सातपूर_पॅकर

मग हिशेब सरळ आहे. फिल्मचे मायक्रॉन गुणिले घनता केलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचे ग्रॅम मिळतात. पॉलिएस्टरची घनता १.४ धरा: १२ गुणिले १.४ म्हणजे १६.८. पॉलीची ०.९२: ५० गुणिले ०.९२ म्हणजे ४६. दोन्ही मिळून चौरस मीटरला साधारण ६३ ग्रॅम प्लास्टिक. जुन्या पाकिटातही हेच ६३ आहे. म्हणजे चौरस मीटरमागे प्लास्टिक जेवढं होतं तेवढंच राहिलं, वरून ६० ग्रॅम कागद चढला.

आता एका पाकिटाचं बघू. जुन्याच्या दोन बाजू मिळून ०.११२ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ७ ग्रॅम प्लास्टिक. नव्याला तळाची घडी असल्यामुळे लांबी २८ अधिक २८ अधिक १०, एकूण ६६ सेंटिमीटर. गुणिले २०, म्हणजे ०.१३२ चौरस मीटर. त्यात ८.३ ग्रॅम फिल्म आणि वर झिपर. या रुंदीचा झिपर एक ग्रॅमच्या आसपास भरतो, तुमचा कापून मोजा. म्हणजे नव्या पाकिटात साधारण ९.३ ग्रॅम प्लास्टिक. कागद ७.९ ग्रॅम, चिकटवण्याचा गोंद पाऊण-एक ग्रॅम. अख्खा पाऊच सुमारे १८ ग्रॅमचा.

तेव्हा “प्लास्टिकला रामराम” तर नाहीच, “प्लास्टिक कमी केलं” हेही लिहिता येणार नाही. पाकिटामागे दोन ग्रॅमहून जास्त प्लास्टिक वाढलं आहे, जुन्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. हजार पाकिटांना दोन किलोच्या वर.

पंचवटी_फराळ

कागदी दिसणाऱ्या पाकिटात आधीपेक्षा जास्त प्लास्टिक निघेल हे अपेक्षित नव्हतं. सप्लायरचे आकडे बरोबर आहेत का, हे घरच्या घरी तपासता येईल का?

सातपूर_पॅकर

येईल. पण किचनचा वजनकाटा नको, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा सराफी काटा घ्या. पाऊचच्या भिंतीतून, सील आणि झिपर सोडून, १० बाय १० सेंटिमीटरचे पाच चौकोन कापा आणि पाचही एकत्र तोला. एकेक तोललात तर काट्याची चूक मोठी दिसते. मग कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी कागद फुगून लगदा झालेला असेल, तो अंगठ्याने चोळून काढा, आतली फिल्म राहील. ती पुसून उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. पाच चौकोनांचं वजन गुणिले २० केलं की जीएसएम मिळतात.

फिल्मवर थोडा गोंद आणि कागदाचे तंतू राहतात, त्यामुळे आकडा किंचित जास्त येईल. कागदाच्या जीएसएममध्येही पाच टक्के इकडे-तिकडे होतंच. तेवढ्यावरून सप्लायरशी भांडू नका. पण शीटवर पॉली ५० लिहून प्रत्यक्षात ८० निघाली तर विचारायलाच हवं.

रानफूल

एवढं कशाला? कंपोस्टेबल पाऊच मिळतात आता, मक्याच्या स्टार्चपासून केलेले. प्रमाणपत्र असलेले घ्या, मग ‘बायोडिग्रेडेबल’, ‘इको-फ्रेंडली’ सगळं लिहायला मोकळे.

ओला_सुका

रानफूल, प्रमाणपत्राचं बरोबर आहे, पण “सगळं लिहायला मोकळे” नाही. भारतात कंपोस्टेबल प्लास्टिकला आयएस/आयएसओ १७०८८ लागतं आणि ते विकायच्या आधी उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या मानकातली चाचणी औद्योगिक कंपोस्टिंगच्या परिस्थितीत होते, ५८ अंशांच्या आसपास तापमान महिनोन्‌महिने टिकवून. १२ आठवड्यांत तुकडे होऊन ९० टक्के माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून गळला पाहिजे, आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड झालं पाहिजे. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा सोसायटीच्या खड्ड्यात इतकी उष्णता टिकत नाही. तिथे तोच पाऊच वर्षभरानेही ओळखू येईल असा सापडू शकतो, आणि गिऱ्हाईक म्हणेल तुम्ही फसवलं.

म्हणून लिहायचं तर “औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये कुजतो, घरच्या खतात नाही” असं पूर्ण लिहावं लागेल. त्यातही तो पाऊच अशा ठिकाणी पोचतो का, हा प्रश्न उरतोच. घंटागाडीवर चकचकीत पाऊच कोणी ओल्यात दिला तरी कर्मचारी तो प्लास्टिक समजून बाजूला काढणार, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल. नाशिक महापालिकेच्या पाथर्डीच्या खतप्रकल्पाबद्दल गिऱ्हाइकाला काही आश्वासन द्यायचं असेल तर आधी तिथे लेखी विचारा की असा माल घेता का.

आणि ‘बायोडिग्रेडेबल’ तर अजिबात नको. २०२४ च्या दुरुस्तीनंतर प्लास्टिकच्या नियमात बायोडिग्रेडेबल प्लास्टिकने मागे मायक्रोप्लास्टिक ठेवता कामा नये असं आहे. पंचवटी_फराळ यांच्या पाऊचमधला कागद कुजेल आणि फिल्म तशीच राहील, हे तर उघडच आहे.

सातपूर_पॅकर

शिवाय स्टार्चवाली फिल्म दमटपणा बऱ्यापैकी आत सोडते. पावसाळ्यात नाशिकहून कोकणात चिवडा पाठवायचा असेल तर आधी शेल्फ लाइफची चाचणी घ्या. पाकीट चांगलं आणि आतला माल फेकलेला, हा काही पर्यावरणाचा फायदा नाही.

रानफूल

मान्य, घरच्या खताचं लक्षात आलं नव्हतं. पण प्रमाणपत्र असूनही लिहायचं नाही, हे जरा जास्तच वाटतं.

कलमवाला

लिहायचं नाही असं नाही, नेमकं लिहायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या दिशाभुलीवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘सस्टेनेबल’, ‘पृथ्वीसाठी चांगलं’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. सोबत खुलासा आणि पुरावा हवा. दावा अख्ख्या उत्पादनाचा आहे, पॅकिंगचा आहे की बनवण्याच्या पद्धतीचा, हे सांगावं लागतं. तुलना केली तर कशाशी आणि कोणत्या बाबतीत तेही. जाहिरातदारांच्या एएससीआय या संस्थेचे पर्यावरणविषयक दाव्यांचे नियमही फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. छोटा ब्रँड, फक्त इन्स्टाग्राम, अशी सवलत नाही. माल विकणाऱ्याने विकण्यासाठी टाकलेली पोस्ट जाहिरातच धरली जाते.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. चिवड्याच्या पोस्टवरून उद्या नोटीस येईल असं मी म्हणत नाही. पण एखाद्या गिऱ्हाइकाने पाऊच फाडून चंदेरी फिल्मचा फोटो तुमच्याच पोस्टखाली टाकायला कायदा लागत नाही.

मसुदा एकेका शब्दाने तपासा. ‘१००%’ खोटं, ‘बायोडिग्रेडेबल’ खोटं, ‘प्लास्टिकला रामराम’ खोटं, ‘झिरो वेस्ट’ला काहीच आधार नाही. ‘कागदी पाकीट’ अर्धसत्य, कारण वाचणारा ते पूर्ण कागदी समजणार. ‘पृथ्वीसाठी एक पाऊल’ ही नुसती भावना राहते, आणि बाकीचे शब्द गेल्यावर तिला धरून ठेवायला काही उरत नाही.

साबणवाली_ताई

माझा हाताने केलेल्या साबणाचा उद्योग आहे, वडी कागदात गुंडाळून देते. मी ‘प्लास्टिकमुक्त’ लिहिलं तर चालेल ना? माझ्या कागदाला तर फिल्म नाही.

सातपूर_पॅकर

ताई, कागद आतून गुळगुळीत आणि पाण्याला दाद न देणारा आहे का? थेंब टाकून पाच मिनिटं बघा. मुरला तर बहुधा साधा कागद. वरच तरंगत राहिला तर पॉली किंवा मेणाचा थर असण्याची शक्यता, मग सप्लायरला लेखी विचारा. वर लावता ते स्टिकर कागदी आहे की प्लास्टिकचं, तेही पाहा. पारदर्शक किंवा चकाकणारं स्टिकर बहुतेकदा प्लास्टिक असतं. आणि कुरिअरला देताना वडी कशात जाते?

साबणवाली_ताई

कुरिअरवाल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत.

सातपूर_पॅकर

मग “साबणाच्या वडीचं वेष्टन प्लास्टिकविना, कुरिअरची पिशवी प्लास्टिकची” असं लिहा. निव्वळ ‘प्लास्टिकमुक्त’ लिहिलं की घरी पार्सल उघडणाऱ्याच्या हातात पहिली वस्तू प्लास्टिकचीच येते.

पंचवटी_फराळ

चाचणी केली. पाच चौकोन ६.५ ग्रॅम. कागद काढून, वाळवून फिल्म ३.४ ग्रॅम. म्हणजे सप्लायरचे आकडे जुळतात. झिपर कापून तोलला, एक ग्रॅमच भरला.

आता प्रश्न असा की लिहायचं काय? खोक्यात मात्र एक बदल नक्की केला आहे. बाहेरगावच्या चार पाकिटांच्या ऑर्डरला आधी बबल रॅप लागायचा, आता साध्या क्राफ्ट कागदाचं कात्रण भरतो. टेपही कागदी घेतली. खोकं तीन प्लायचं, अंबडच्या बॉक्सवाल्याकडून. तो सांगतो १००% रिसायकल्ड आहे.

सातपूर_पॅकर

मग पोस्ट खोक्याचीच करा, सांगण्यासारखा बदल तिथेच झाला आहे. बबल रॅपचा उरलेला रोल आहे ना? पूर्वी एका ऑर्डरला जेवढा तुकडा लावायचात तसे दहा तुकडे कापून एकत्र तोला, दहाने भागा. जुनी खरेदीबिलं जपून ठेवा, आधी खरंच वापरत होतात याचा पुरावा तोच.

कागदी टेपमध्ये दोन जाती येतात. पाणी लावून चिकटवायची असते तिचा गोंद बहुधा स्टार्चचा. तिच्या मध्ये आडवे-उभे धागे दिसले तर ते बहुतेक काचतंतूचे, मजबुतीसाठी घातलेले. पाणी न लावता चिकटते तिला कृत्रिम गोंद असतो. म्हणून “कागदी टेप” लिहा, “प्लास्टिकमुक्त टेप” लिहू नका.

ओला_सुका

रिसायकल्ड खोक्याचं जरा सांभाळून. आपल्याकडच्या साध्या तपकिरी खोक्यात रद्दीचा लगदा भरपूर असतो हे खरं, पण ‘१००%’ हा आकडा बॉक्सवाल्याला माहीत असायचं कारण नाही. तो मिलकडून कागदाचे रोल आणतो, कोणत्या मिलचा कधी घ्यायचा हे भावावर ठरतं. मिलचं पत्र मागा: कोणता कागद, रद्दीचं प्रमाण किती, तारीख, शिक्का. पत्रातला कागद आणि तुमच्या बॉक्सच्या बिलातला कागद एकच आहे का तेही पाहा. पत्र मिळालं तर आकडा लिहा, नाही मिळालं तर खोक्याबद्दल गप्प राहा.

पंचवटी_फराळ

मिलचं पत्र नाही म्हणाला, “सगळे असंच लिहितात” हेच उत्तर. तेव्हा ते वगळलं. बबल रॅप तोलला, ऑर्डरमागे सरासरी २८ ग्रॅम. नवा मसुदा:

“बाहेरगावी जाणाऱ्या आमच्या खोक्यात आता बबल रॅप नाही. चार पाकिटांच्या एका ऑर्डरला आधी सरासरी २८ ग्रॅम बबल रॅप लागायचा. त्याऐवजी आता कागदाचं कात्रण आणि कागदी टेप वापरतो. चिवड्याचं पाकीट बाहेरून कागदाचं दिसलं तरी आत प्लास्टिकचे थर आहेत. वजनाने निम्म्याहून अधिक प्लास्टिकच आहे, कारण चिवडा कुरकुरीत राहायला आणि खवट न व्हायला ते लागतं. हे पाकीट कुजत नाही. रिकामं झाल्यावर पुसून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या.”

कलमवाला

हे टिकतं. प्रत्येक वाक्यामागे बिल, वजन किंवा चाचणी आहे. पण एक भर घाला. चार पाकिटांच्या ऑर्डरमध्ये पाऊचमुळे प्लास्टिक नऊ-दहा ग्रॅमने वाढलं आणि बबल रॅपमुळे २८ ने घटलं. बाहेरगावच्या ऑर्डरचा निव्वळ फरक अठरा-एकोणीस ग्रॅमचा. २८ सांगून वाढलेलं लपवलं तर तो निवडक दावा होतो. आणि दुकानातून विकलेल्या पाकिटाला बबल रॅप कधीच नव्हता, तिथे प्लास्टिक निव्वळ वाढलं आहे.

पंचवटी_फराळ

दुकानांची विक्री तर जास्त आहे. म्हणजे एकूण धंद्याचं प्लास्टिक वाढलं असू शकतं?

सातपूर_पॅकर

असू शकतं, आणि आकडे तुमच्याकडेच आहेत. महिन्याची सगळी पाकिटं गुणिले २.३ ग्रॅम ही वाढ, चार पाकिटांच्या ऑर्डर गुणिले २८ ग्रॅम ही बचत. एका ऑर्डरची बचत बारा पाकिटांची वाढ भरून काढते. महिन्याच्या एकूण पाकिटांना बाराने भागा. ऑर्डर त्याहून कमी असतील तर एकूण प्लास्टिक वाढलं.

तसं निघालं तर उपाय पाऊचमध्येच आहे. झिपर काढा, पाकिटामागे एक ग्रॅम लगेच गेला. २०० ग्रॅम चिवडा उघडल्यावर फार दिवस टिकत नाही, झिपर खरंच किती जण वापरतात ते गिऱ्हाइकांना विचारा. पुढच्या लॉटला तळाची घडी नसलेलं सपाट पाकीट घेतलंत तर आणखी १.३ ग्रॅम कमी होऊन जुन्या ७ वर याल. पॉली ५० ची ४० करून बघायची असेल तर आधी सील तपासा: भरलेलं पाकीट पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का बघा.

रानफूल

पण मग कागद ठेवायचाच कशाला? सपाट पारदर्शक पाकीटच बरं होतं असं म्हणायचं का?

सातपूर_पॅकर

प्लास्टिकच्या वजनापुरतं, हो. शिवाय कागद चिकटवला की कागद वेगळा निघत नाही आणि फिल्मही नाही, त्यामुळे रद्दीवाला घेत नाही आणि प्लास्टिकवालाही नाही.

ओला_सुका

इथे थोडा मतभेद. जुनं पॉलिएस्टर-पॉलीचं पाकीटही कोणी विकत घेत नाही. दोन्ही सुक्या कचऱ्यात जाऊन बहुधा जाळण्याच्या इंधनात संपतात. म्हणून ‘रिसायकल होतं’ हे दोन्हींबद्दल लिहू नका. पण निव्वळ प्लास्टिकच्या ग्रॅमवरून कोणतं पाकीट बरं हे ठरवणं मला पुरेसं वाटत नाही. कागद बनवायलाही पाणी आणि ऊर्जा लागते, त्याचा हिशेब इथे कोणीच केलेला नाही.

पंचवटी_फराळ

तो हिशेब आम्हाला झेपणार नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहिणारही नाही. गेल्या महिन्याचे आकडे काढले: १,४०० पाकिटं, चार पाकिटांच्या ९० ऑर्डर. वाढ ३.२ किलो, बचत २.५ किलो. एकूण वाढलंच आहे.

पोस्ट थांबवतोय. सपाट, बिनझिपरचं पाकीट आल्यावर खोक्याची पोस्ट टाकू, तेव्हा २८ ग्रॅमच्या दाव्यासमोर वाढ उरणार नाही. पण हातात ३,००० क्राफ्ट पाऊच शिल्लक आहेत, आणि सप्लायरने तयार छापाच्या मागे हिरवं पान आणि ‘इको-फ्रेंडली’ असं छापलेलं आहे. त्याचं काय करावं?

कलमवाला

पाकिटावर छापलेला दावा तुमचाच, सप्लायरचा नाही. शब्दांवर कागदी स्टिकर लावा. त्यावर “आत प्लास्टिकचे थर आहेत, सुक्या कचऱ्यात द्या” असं लिहिलंत तर स्टिकरचा खर्चही कारणी लागेल. पानाबद्दल माझं मत असं की शब्द झाकल्यावर नुसतं चित्र चालेल. साधी रंगसंगती आणि चित्रं दिशाभूल करत नसतील तर त्यांना हरकत नाही, असं त्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

ओला_सुका

मला नाही पटत. तपकिरी कागद आणि त्यावर हिरवं पान, हे बघून माणूस तेच समजणार जे शब्द वाचून समजला असता. पानही झाका.

पंचवटी_फराळ

पान आणि शब्द मिळून ४ बाय ३ सेंटिमीटरची जागा आहे. ५ बाय ४ चं कागदी स्टिकर दोन्ही झाकेल, घडीवर येणार नाही. उद्या प्रिंटरकडे कागदाचा नमुना बघतो, तेल लागल्यावर शाई फुटते का तेही तपासून इथे सांगतो.